जर्मन मूळ, इंग्रजी भाषांतर आणि आपला मराठी अनुवाद: प्रताधिकार नेमका कोणाचा तपासायचा?

मृण्मयी_वाचते (धागाकर्ती)

श्टेफान त्स्वाइग यांच्या तीन दीर्घकथांचा एक इंग्रजी संग्रह मराठीत आणावा, असे गेले काही महिने मनात आहे आणि त्यातील पहिल्या कथेचा कच्चा खर्डा तयारही झाला आहे. माझ्याकडची प्रत म्हणजे १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची स्कॅन केलेली पाने आहेत. इंग्रजी भाषांतर ईडन पॉल आणि सीडर पॉल या दांपत्याचे आहे. ज्या संकेतस्थळावरून ही प्रत उतरवून घेतली, तेथे पुस्तकाच्या माहितीत 'प्रताधिकारमुक्त' असे स्पष्ट लिहिलेले आहे. लेखकाचे निधन फेब्रुवारी १९४२ मध्ये झाले, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आता एका लहान प्रकाशकाने पुस्तकात रस दाखवला असून कराराचा मसुदा पाठवला आहे. त्यात एक कलम असे आहे की, या मजकुरामुळे कोणाच्याही हक्काचा भंग होत नाही याची हमी अनुवादक देत आहे आणि तसे आढळल्यास होणाऱ्या नुकसानीची भरपाई अनुवादकाने करावी. हे वाचल्यावर सही करण्याआधी विचारून घ्यावेसे वाटले. मला जर्मन येत नाही, त्यामुळे माझा अनुवाद सर्वस्वी इंग्रजीवरूनच होणार आहे, हेही सांगून ठेवते. मी काय तपासायला हवे?

सरळरेषा

यात तपासण्यासारखे काही उरलेले नाही. भारतात प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. लेखक १९४२ साली गेले, म्हणजे १ जानेवारी १९४३ पासून मोजणी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २००२ रोजी मुदत संपली. १ जानेवारी २००३ पासून पुस्तक सर्वांचे झाले. सही करून टाका.

दप्तरदार

वरील मोजणी अचूक आहे, पण ती त्स्वाइग यांच्या जर्मन मजकुराची आहे. मृण्मयी यांच्या टेबलावर जर्मन मजकूर नाही, तेथे पॉल दांपत्याचा इंग्रजी मजकूर आहे आणि कायद्याच्या नजरेत भाषांतर हीसुद्धा स्वतंत्र वाङ्मयकृती असते. तिचा लेखक म्हणजे भाषांतरकार, आणि तिची मुदत भाषांतरकाराच्या निधनापासून मोजली जाते. आपण इंग्रजीवरून मराठी करतो, तेव्हा आपण जर्मन कथेबरोबरच त्या इंग्रजी कृतीचेही भाषांतर करत असतो.

ईडन पॉल यांचे निधन १९४४ साली झाले आणि सीडर पॉल यांचे १९७२ साली. कृती दोघांनी मिळून केलेली असेल, तर आपल्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे जो सहलेखक सर्वांत शेवटी गेला त्याच्या निधनवर्षापासून मोजायचे असते. म्हणजे मोजणी १ जानेवारी १९७३ पासून सुरू होते आणि साठ वर्षे ३१ डिसेंबर २०३२ रोजी पूर्ण होतात. मूळ कथा २००३ सालीच मोकळी झाली, पण ज्या इंग्रजी वेशात ती आपल्यासमोर आली आहे तो वेश या हिशेबाने अजून मोकळा झालेला नाही.

जुन्या परभाषिक पुस्तकांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा याच जागी होतो, कारण मुखपृष्ठावर लेखकाचे नाव मोठे असते आणि भाषांतरकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असते.

मृण्मयी_वाचते

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग संकेतस्थळावरच्या 'प्रताधिकारमुक्त' या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? आणि सीडर पॉल यांच्यासारख्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या भाषांतरकाराचे निधनवर्ष शोधायचे कसे? खूप शोधूनही मला फक्त त्यांचे जन्मसाल मिळाले.

दप्तरदार

तो शिक्का बहुधा अमेरिकेच्या कायद्यापुरता असतो. त्या काळात तेथे प्रकाशित झालेल्या पुस्तकांसाठी तेथील कायदा लेखकाच्या निधनाकडे पाहत नाही, प्रकाशनवर्षाकडे पाहतो आणि त्या वर्षापासून ९५ वर्षे मोजतो. १९२७ चे पुस्तक अशा रीतीने १ जानेवारी २०२३ रोजी तेथे मोकळे झाले. ही माहिती खरी आहे, पण ती अमेरिकेतल्या वाचकासाठी आहे. हाथीट्रस्टसारखी ग्रंथालये हा भेद पाळतात. तेथे काही जुनी पुस्तके अमेरिकेतून पूर्ण उघडतात आणि भारतातून फक्त शोधता येतात. तुमचे पुस्तक तेथे कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा, म्हणजे निदान एका सावध ग्रंथालयाचे मत कळेल. याउलट, जेथे कोणीही स्कॅन चढवू शकतो, तेथे तो शिक्का चढवणाऱ्याने स्वतःच्या समजुतीने मारलेला असू शकतो.

निधनवर्षासाठी मी प्रथम मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची पाहतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची नामसूची आणि जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाची नामसूची या दोन्हींत व्यक्तीच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे बहुतेक वेळा असतात, आणि 'व्हायाफ' या एकत्रित सूचीत अनेक देशांच्या नोंदी शेजारी शेजारी दिसतात. दोन नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत ना, हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतलेले असते. केवळ जन्मवर्ष आणि पुढे मोकळी रेघ दिसली, तर माणूस हयात आहे असा अर्थ काढू नये आणि केव्हाच गेला असेल असाही काढू नये. नोंद करणाऱ्याला माहिती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

इंग्रजी लेखकांचे हक्क आज कोणाकडे आहेत यासाठी 'वॉच' नावाची एक सूची आहे, जी रेडिंग विद्यापीठ आणि टेक्सासमधील हॅरी रॅन्सम सेंटर मिळून चालवतात. तेथे नाव सापडले तर पत्ता मिळतो. सापडले नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

खिळेजुळारी

मी बरीच वर्षे पुस्तके छापतो आहे, म्हणून व्यवहाराची बाजू सांगतो. परदेशातल्या प्रकाशकाला रीतसर पत्र पाठवावे, दोन महिने वाट पाहावी, उत्तर आले नाही तर त्या पत्राची प्रत जपून ठेवावी आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर 'हक्कदारांचा शोध घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे, त्यांनी संपर्क साधल्यास योग्य मानधन दिले जाईल' असे छापावे. पाचशे प्रतींच्या आवृत्तीसाठी कोणी साता समुद्रापलीकडून खटला भरायला येत नाही. शिवाय १९२७ च्या पुस्तकावर 'सर्व हक्क राखीव' असे तरी कुठे लिहिलेले असते?

तारीखपेतारीख

खिळेजुळारी यांनी व्यवहार म्हणून जे सांगितले ते अनेक जण करतात, याविषयी वाद नाही. परंतु उत्तर न येणे म्हणजे संमती, असे आपल्या कायद्यात कुठेही नाही. परवाना लेखीच लागतो आणि तो हक्कदाराने किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीने दिलेला असावा लागतो. 'प्रामाणिक प्रयत्न केला' या ओळीने नुकसानभरपाईची रक्कम ठरताना थोडी सहानुभूती मिळू शकेल, पण हक्क मिळत नाही. पुस्तकावर 'सर्व हक्क राखीव' छापलेले असण्याचा तर काहीच संबंध नाही. प्रताधिकार कृतीबरोबरच जन्माला येतो, त्यासाठी ना छापील सूचना लागते ना नोंदणी. म्हणून प्रताधिकार कार्यालयाच्या नोंदवहीत एखादे पुस्तक सापडले नाही, यावरूनही ते मोकळे ठरत नाही.

जाणूनबुजून केलेला भंग हा कलम ६३ खाली फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने कैद व पन्नास हजार रुपये दंड सांगितलेला आहे. काही परिस्थितीत न्यायालय ते कमी करू शकते. गमतीचा भाग असा की, मृण्मयी यांनी हा धागा काढला नसता, तर 'मला माहीत नव्हते' असे त्या म्हणू शकल्या असत्या!

हक्कदार खरोखरच सापडत नसेल, तर सरळ मार्ग कलम ३२ चा आहे. मूळ पुस्तक प्रसिद्ध होऊन सात वर्षे झाली असतील, तर कोणत्याही भाषेत भाषांतर छापण्याचा परवाना मागता येतो. पूर्वी हे अर्ज प्रताधिकार मंडळापुढे जात, २०२१ च्या बदलानंतर ते व्यापारी न्यायालयाकडे जातात. आपण परवानगी मागितली आणि नाकारली गेली, किंवा पुरेसा शोध घेऊनही मालक सापडला नाही, हे अर्जदाराला दाखवावे लागते. मालक सापडत नसल्यास पुस्तकावर ज्या प्रकाशकाचे नाव आहे त्याला विनंतीपत्राची प्रत नोंदणीकृत हवाई टपालाने पाठवून दोन महिने थांबावे लागते. म्हणजे खिळेजुळारी सांगतात ते पत्र आणि ते दोन महिने कायद्यातही आहेत, फक्त त्यानंतर छापखान्यात जायचे नसून न्यायालयात जायचे असते. एका लहान कथासंग्रहासाठी हा खर्च आणि वेळ परवडेल असे मला वाटत नाही.

सरळरेषा

माझे पहिले उत्तर घाईचे होते, हे मान्य. मात्र दप्तरदार यांच्या २०३२ या वर्षाविषयी मला शंका आहे. परदेशी कृतींना भारतात संरक्षण मिळते ते कलम ४० आणि त्याखालील केंद्र सरकारच्या आदेशामुळे. त्याच कलमात अशी मुभा आहे की, मूळ देशात जेवढी मुदत आहे तिच्यापेक्षा अधिक मुदत भारतात मिळणार नाही, अशी अट सरकार त्या आदेशात घालू शकते. इंग्रजी भाषांतर प्रथम न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले असेल, तर त्याचा मूळ देश अमेरिका ठरतो आणि अमेरिकेतील मुदत २०२२ अखेर संपलेली आहे. मग ज्या हक्काला त्याच्या जन्मभूमीत संरक्षण उरले नाही, त्याला भारताने आणखी दहा वर्षे का सांभाळावे?

तारीखपेतारीख

हा मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. १९९९ चा आंतरराष्ट्रीय प्रताधिकार आदेश आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या शब्दशः वाचून, या नेमक्या पुस्तकाला ती अट कशी लागू होते हे ठरवावे लागेल. त्यासाठी आधी पुस्तकाचा मूळ देश निश्चित करावा लागतो. न्यूयॉर्कची आवृत्ती आणि लंडनची आवृत्ती यांपैकी आधी कोणती निघाली, दोन्हींच्या मध्ये किती दिवस गेले, भाषांतरकार ब्रिटनचे रहिवासी होते याला किती वजन द्यायचे, हे प्रश्न तारखांच्या पुराव्याशिवाय सुटत नाहीत. मूळ देश ब्रिटन ठरला, तर तेथे निधनानंतर सत्तर वर्षे मोजतात, म्हणजे २०४२ अखेर. तसे झाल्यास आपली साठ वर्षेच कमी ठरतात आणि २०३२ कायम राहते.

हमीच्या कलमावर सही करायची असताना एवढ्या पातळ बर्फावर उभे राहू नये, असे माझे मत आहे. सरळरेषा यांचा युक्तिवाद बचावाला उपयोगी पडेल, पण करारातील हमी मात्र आज द्यायची आहे.

सरळरेषा

मत वेगळे असू शकते. माझ्या दृष्टीने हा युक्तिवाद पातळ नाही. परंतु लंडनच्या आवृत्तीची तारीख माझ्याकडे नाही, हे खरे.

शेवंता७८

माझाही प्रश्न असाच आहे, म्हणून येथेच विचारते. माझ्या मामांची एक मराठी कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली होती. मामा १९९६ साली गेले. त्यांनी १९७८ मध्ये एका हिंदी अनुवादकाला पोस्टकार्डावर लिहिले होते, "हिंदी अनुवादास माझी हरकत नाही. आवृत्ती निघाल्यावर दोन प्रती पाठवाव्यात." हिंदी पुस्तक तेव्हा निघाले आणि संपलेही. आता त्या अनुवादकाच्या मुलाला ते ई-पुस्तक म्हणून काढायचे आहे आणि पोस्टकार्ड आहेच, तेव्हा वेगळी परवानगी लागणार नाही, असे तो म्हणतो. कादंबरी साठ वर्षांपूर्वीची असल्यामुळे ती मोकळीच झाली, असेही त्याने ऐकले आहे. मी मामांची लाडकी भाची होते, मी त्याला होकार कळवू का?

दप्तरदार

शेवंताताई, साठ वर्षे पुस्तकाच्या वयाची नसून लेखकाच्या निधनानंतरची असतात. मामा १९९६ साली गेले असतील, तर कादंबरीवरील हक्क ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत आहे. पुस्तकाच्या प्रकाशनापासून मोजणी केवळ काही प्रकारांत होते, जसे निनावी पुस्तक किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेले पुस्तक.

पोस्टकार्ड जपून ठेवावे, कारण ते लेखी आहे आणि मामांच्या हातचे आहे, म्हणजे परवाना म्हणून त्याला निश्चित किंमत आहे. पण त्यात काय लिहिले आहे तेवढेच त्यात आहे. भाषा सांगितली आहे, 'आवृत्ती' हा शब्द आहे, दोन प्रतींची अपेक्षा आहे. मुदत नाही, मोबदला नाही, कोणत्या स्वरूपात छापायचे हे नाही. तो परवाना अनुवादकाच्या मुलाकडे जातो का, हाही प्रश्न आहेच. १९७८ मध्ये ई-पुस्तक नावाची वस्तूच नव्हती. हक्क लिहून देताना अस्तित्वात नसलेले माध्यम, स्पष्ट उल्लेखाशिवाय त्यात धरले जात नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. ती १९७८ च्या एका ओळीच्या परवान्याला कितपत लागू होईल यावर वाद घालता येईल, पण तो वाद घालण्यापेक्षा नवीन पत्र घेणे कितीतरी स्वस्त आहे.

ते पत्र मात्र तुम्ही देऊ शकत नाही. मामांनी मृत्युपत्र केले असेल तर त्यात ज्यांना हक्क दिला ते, आणि नसेल तर त्यांचे कायदेशीर वारस ते देऊ शकतात. मामेभावंडे तीन असतील तर तिघांच्या सह्या घ्याव्यात. एकाच्या सहीवर पुस्तक निघते आणि दुसऱ्याला ते दुकानात दिसते, तेव्हा जे पत्रव्यवहार सुरू होतात ते मी वाचलेले आहेत.

शेवंता७८

मामेभावंडे चार आहेत आणि त्यांतील दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. बरे, विचारून पाहते. आमच्या मामांच्या मूळ प्रकाशकालाही विचारावे लागेल काय?

दप्तरदार

त्यांच्यातील करार पाहावा लागेल. प्रकाशकाला केवळ मराठी आवृत्ती काढण्याचा हक्क दिला असेल, तर भाषांतराचा हक्क कुटुंबाकडेच राहिला आहे. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असे लिहून दिले असेल, तर चार सह्यांचाही उपयोग नाही. करार सापडत नसल्यास प्रकाशकाकडून 'भाषांतराचे हक्क आमच्याकडे नाहीत' असे एका ओळीचे पत्र घ्यावे.

उंबराचे_फूल

मूळ धाग्याकडे वळते. मी जर्मन शिकवते. या तिन्ही कथांचे जर्मन पुस्तकही १९२७ सालचेच आहे आणि जुन्या आवृत्तीचा मजकूर उपलब्ध होऊ शकतो. मृण्मयी यांनी जर्मन जाणणाऱ्या कोणाला सोबत घेऊन मुळावरून काम केले, तर इंग्रजी भाषांतराचा २०३२ चा वाद उद्भवतच नाही. आधुनिक जर्मन आवृत्ती वापरू नये, कारण तिच्यातील टीपा आणि प्रस्तावना नव्या संपादकाच्या असतात.

मात्र येथे एक लबाडी चालते, ती करू नये. अनुवाद इंग्रजीवरूनच करायचा आणि श्रेयपानावर 'मूळ जर्मनवरून' असे लिहायचे, हा प्रकार मला विद्यार्थ्यांच्या कामांत वारंवार दिसतो आणि तो दोन परिच्छेदांतच ओळखू येतो. इंग्रजी भाषांतरकाराने लांब जर्मन वाक्य जेथे तोडले तेथेच मराठी वाक्य तुटते, त्याने गाळलेले विशेषण मराठीतही गळते, आणि त्याने समजावून सांगण्यासाठी घातलेले अर्धे वाक्य, जे जर्मनमध्ये नाहीच, ते मराठीत आपसूक उतरते. नक्कल सिद्ध करायला एवढे पुरेसे असते. इंग्रजी प्रत अडलेल्या जागी पाहायला हरकत नाही, पण ती मांडीवर उघडी ठेवून लिहिलेले पान लपत नाही.

खिळेजुळारी

हा उपाय मला पटला. मात्र जर्मन जाणकाराबरोबर काम करायचे ठरले, तर त्याचाही लेखी करार पहिल्याच दिवशी करून घ्यावा. अन्यथा तोही सहलेखक म्हणून उभा राहील आणि त्यात त्याची चूक नसेल.

मृण्मयी_वाचते

सर्वांची आभारी आहे. प्रकाशकाला मी कळवले आहे की, इंग्रजीवरून केलेला खर्डा बाजूला ठेवत आहे आणि मुळावरून नव्याने काम सुरू करत आहे. हमीच्या कलमात 'माझ्या माहितीनुसार' हे शब्द घालावेत आणि जबाबदारी मिळालेल्या मानधनाच्या रकमेपुरती मर्यादित करावी, अशी विनंतीही केली आहे. पहिल्या गोष्टीला त्यांनी होकार दिला, दुसरीवर ते विचार करत आहेत. उंबराचे_फूल यांना निरोप पाठवला आहे.

ई-पुस्तक परदेशी व्यासपीठावर ठेवायचे झाल्यास ब्रिटन आणि युरोपमध्ये विक्री चालेल ना? तेथे लेखकाचा हक्क २०१२ अखेर संपला, असे मी मोजले आहे. आणखी एक विचारायचे आहे. त्स्वाइग यांची एक कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडली आणि १९८२ साली प्रथम छापली गेली. या संग्रहानंतर तीच करावी, असा विचार आहे.

दप्तरदार

ब्रिटन आणि युरोपची मोजणी बरोबर आहे. मुळावरून केलेल्या अनुवादासाठी तेथे अडचण दिसत नाही.

१९८२ च्या कादंबरीचे काम सुरू करण्यापूर्वी थांबावे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या कृतीला आपल्याकडे कलम २४ लागते आणि साठ वर्षे प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात, म्हणजे ३१ डिसेंबर २०४२. जर्मनीत मात्र निधनापासून सत्तर वर्षे मोजली तर ती २०१२ अखेर संपलेली आहेत. म्हणजे सरळरेषा यांचा कलम ४० चा मुद्दा येथे पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी मुळावरून अनुवाद करूनही तो टाळता येत नाही.

सरळरेषा

आदेशाचा पूर्ण पाठ मिळवतो आणि त्यातील संबंधित परिच्छेद येथे जसाच्या तसा टंकून देतो.

तारीखपेतारीख

दुरुस्त्यांसह द्यावा. मूळ आदेशाच्या जुन्या प्रती अजूनही फिरत असतात.